पुरवणी जोडली आहे

मॅडम,

तुमच्या आंतरवासितेच्या फाइलमध्ये शेवटच्या पानावर ‘मार्गदर्शक शिक्षकाचा अभिप्राय’ अशी एक चौकट छापलेली आहे. बारीक अक्षर काढलं तर तिच्यात साडेतीन ओळी बसतात, आणि शाळेचा गोल शिक्का मारला की दोनच उरतात. त्या दोन ओळींत काय लिहायचं हे फार पूर्वीच ठरून गेलेलं आहे : ‘छात्राध्यापिका नियमित, मेहनती व होतकरू असून त्यांना उज्ज्वल भविष्यासाठी हार्दिक शुभेच्छा.’ मीही तेच लिहिलं आहे. हे वाक्य आजवर आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला मिळालं आहे. मधल्या सुट्टीत उगवून मधल्या सुट्टीतच मावळणाऱ्या एका छात्राध्यापकालाही ते मिळालं होतं. रोज त्याच वेळी येत असल्यामुळे ‘नियमित’ या शब्दाला कोणाची हरकत नव्हती. तेव्हा चौकटीवर जाऊ नका. परीक्षेत मुलं करतात तेच मी केलं आहे, पुरवणी जोडली आहे. फक्त ती फाइलला टाचू नका. फाइल कोणी वाचत नाही असं तुम्ही सगळ्याजणी म्हणता, पण नेमकं नको ते पान कोणीतरी वाचतंच.

आज चौथ्या तासानंतर सहावी ब तुमच्यासाठी रडली. पहिल्या बाकावरच्या दोघींनी सुरुवात केली, मग ती लागण खिडकीकडे सरकली आणि शेवटी ज्या मुलाला तुम्ही कालच वर्गाबाहेर उभं केलं होतं तोही बाहीने नाक पुसताना दिसला. तुम्ही गहिवरलात. साहजिक आहे. पण तुम्हाला हे कोणीतरी सांगायला हवं की हा वर्ग गेल्या वर्षीही रडला होता. तेव्हा तो पाचवी ब होता आणि त्या मॅडमनी त्यांना परिसर अभ्यास शिकवला होता. पुढच्या वर्षी सातवी ब होऊन तो पुन्हा रडेल. रडणं खोटं नसतं. मुलांना निरोपाचा कार्यक्रम मनापासून आवडतो, कारण त्यात दोन तास बुडतात आणि सामोसा असतो. चमकी लावलेलं एक भेटकार्ड मी वाचलं. ‘तुमच्यासारखं गणित आम्हाला कोणीच शिकवलं नाही,’ असं त्यावर होतं. ज्या मुलीने ते लिहिलं तिने कार्डावरच्या गुलाबाला पाकळ्या काढण्यासाठी स्केचपेन माझ्याकडूनच नेलं होतं, आणि या वर्गाला जूनपासून गणित मीच शिकवतो.

कार्डं घरी न्या, जपून ठेवा. पण तुम्ही कसं शिकवलंत हे त्यांवरून ठरवू नका. ते ठरवायला माझ्याकडे दुसरा पुरावा आहे, तो म्हणजे तुमचा निरीक्षण पाठ. तोच पाठ, ज्याला तुमच्या महाविद्यालयाच्या सरांनी ‘उत्तम’ असा शेरा दिला आणि ज्याबद्दल मी त्या दिवशी काहीच बोललो नाही, कारण तुम्ही तेव्हा पेढे वाटत होता.

तो तास आठवा. सहावी ब, तिसरी तासिका, ३५ मिनिटं. घटक, भिन्न छेद असलेल्या अपूर्णांकांची बेरीज. शेवटच्या बाकावर तुमचे सर, आणि शेजारी मी. अकरा वर्षांच्या मुलासाठी केलेल्या त्या बाकावर दोन प्रौढ माणसं बसली की गुडघे हनुवटीला लागतात आणि शिक्षणशास्त्राकडे निर्विकारपणे बघणं अवघड जातं. सरांच्या हातात तुमचं पाठ टाचण होतं. डाव्या रकान्यात ‘शिक्षक कृती’, उजव्या रकान्यात ‘विद्यार्थी कृती व अपेक्षित उत्तरे’. मॅडम, ही पुरवणी सगळी त्या उजव्या रकान्याबद्दलच आहे.

प्रस्तावनेसाठी तुम्ही चार प्रश्न काढले होते. पहिला, ‘सकाळी न्याहारीला तुम्ही काय खाता?’ अपेक्षित उत्तर, भाकरी. वर्गाने चहा-खारी, पोहे, बिस्किटं, उपमा आणि ‘काहीच नाही’ अशी पाच उत्तरं दिली. ती सगळी खरी होती आणि एकही तुमच्या उपयोगाचं नव्हतं. तुम्ही ‘अजून? अजून?’ करत वर्गभर फिरलात. शेवटी एका शहाण्या मुलीला तुमची दया आली. तिने ‘भाकरी’ म्हटलं आणि तुम्ही तिला टाळ्या मिळवून दिल्यात. भाकरी खाल्ल्याबद्दल सार्वजनिक सत्कार झालेली ती जिल्ह्यातली पहिलीच मुलगी असावी.

दुसरा प्रश्न, भाकरीचे दोन समान भाग केले तर एका भागाला काय म्हणतात? एक द्वितीयांश. तिसरा, तीन समान भाग केले तर? एक तृतीयांश. इथवर गाडी रुळावर होती. चौथा प्रश्न तो खास, ज्याला तुमच्या शास्त्रात समस्यात्मक प्रश्न म्हणतात : हे दोन तुकडे एकत्र केले तर किती भाकरी होईल? उजव्या रकान्यात तुम्ही सुंदर अक्षरात लिहिलं होतं, ‘विद्यार्थी निरुत्तर होतील.’ म्हणजे मुलांनी गप्प बसायचं, चेहऱ्यावर जिज्ञासा आणायची, आणि त्या शांततेत तुम्ही हेतुकथन करून फळ्यावर घटकाचं नाव लिहायचं.

तुम्ही प्रश्न विचारलात आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘पाच षष्ठांश!’

हा पाठ तुम्ही सोमवारीच एकदा घेऊन ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. सरांनाही कळलं असणार, पण त्यांनी त्याच क्षणी चष्मा पुसायला घेतला. ही मोठ्या मनाची माणसं असतात. त्यांनीही आपल्या काळी सोमवारी पाठ घेऊन ठेवलेले असतात. तुमचा हजरजबाबीपणा मात्र मान्य करायला हवा. ‘शाब्बास! तर आज आपण हे पाच षष्ठांश कसे आले ते शिकणार आहोत,’ असं म्हणून तुम्ही हेतुकथन सोडवून घेतलंत. मुलांना ‘निरुत्तर व्हा’ असं सांगायला तुम्ही विसरला होता, आणि सांगितलं असतं तरी सहावी ब त्यालाही एका सुरात ‘होऽऽ’ म्हणाली असती.

या रकान्याची पैदास कुठली, असा प्रश्न मला पडतो. तुम्ही लोक ज्याला हर्बार्टची पंचपदी म्हणता त्यातला हर्बार्ट १८४१ साली वारला. त्याने स्वतः चारच पायऱ्या सांगितल्या होत्या. त्यांच्या पाच केल्या त्या त्याच्या परंपरेतल्या झिलर आणि राइन यांनी. म्हणजे त्या जर्मन गृहस्थाला जाऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली, आणि आमच्या तालुक्यातल्या मुलांनी न्याहारीला भाकरी खावी यासाठी त्याच्या नावाने अजून दबाव येतो आहे. खरं तर त्याचा मुद्दा साधा होता. नवीन गोष्ट मुलाच्या डोक्यात आधीपासून जे आहे त्याला जाऊन चिकटते, म्हणून आधी तिथे काय आहे ते बघा. बघायचं राहिलं आणि प्रश्न तेवढे उरले.

दुसरी शंका मला तुमच्या सूक्ष्म अध्यापनाची आहे. १९६३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत निघाली. कल्पना चांगली : थोडे विद्यार्थी, थोडी मिनिटं, एका वेळी एकच कौशल्य, मग चुका ऐकून घ्यायच्या आणि तोच पाठ पुन्हा द्यायचा. आपल्याकडे त्यात विद्यार्थी म्हणून तुमच्याच वर्गातली मंडळी बसतात. तुम्ही ‘सज्जता प्रवर्तन’ करत असता तेव्हा समोर एक दोन मुलांची आई आणि एक लग्न ठरलेला गृहस्थ असे दोघं ‘मी सांगतो बाई, मी सांगतो’ म्हणत हात वर करतात. ते बरोबर तेच उत्तर देतात जे तुम्हाला हवं असतं, कारण पुढचा पाठ त्यांचा असतो आणि तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं असतं. असा परस्पर सहकारी संस्थेचा व्यवहार एकदा अंगवळणी पडला की उजवा रकाना खराच वाटू लागतो. मग तुम्ही आमच्याकडे येता, आणि आमची मुलं त्या संस्थेची सभासद नसतात.

पण मी पाठाकडे परत येतो, कारण खरी गंमत पुढे झाली आणि ती तुमच्या टिपणात नाही, सरांच्या शेऱ्यात नाही, कुठेच नाही.

विषय विवेचनासाठी तुम्ही पुठ्ठ्याच्या दोन भाकऱ्या केल्या होत्या. कडेला तपकिरी रंगाने भाजल्याचे डागसुद्धा दिले होते. साहित्यनिर्मितीचे गुण तुम्हाला तिथेच पडले. पहिल्या भाकरीचे दोन भाग ठीक होते. दुसरीचे तीन भाग करताना तुम्ही दोन उभ्या रेघा मारल्या, पट्टीने मोजून, अगदी समान अंतरावर. त्यावर खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, मधला तुकडा मोठाय.’

तुम्ही म्हणालात, ‘लक्ष इकडे दे.’

मॅडम, त्या मुलाचं लक्ष तिकडेच होतं. त्या तासाला सगळ्या वर्गात तेवढ्या एकाचंच होतं. गोल भाकरीला समान अंतरावर दोन उभ्या रेघा मारल्या तर रुंदी तीनही तुकड्यांची सारखी येते, पण बाजूचे तुकडे वर-खाली गोलाईत निमुळते होत जातात आणि मधला भरदार राहतो. मी त्या संध्याकाळी हिशेब करून पाहिला. मधल्या वाटेकऱ्याला जवळजवळ ४२ टक्के भाकरी मिळते आणि कडेच्या दोघांना २९-२९ टक्के. घरात तीन भावंडं असलेल्या मुलाला हे क्षेत्रफळाचं सूत्र न शिकताही दिसतं. गोलाचे तीन सारखे भाग हवेत तर मध्यबिंदूपासून १२० अंशांचे कोन मोजून कापावे लागतात. कोनमापक लागतो आणि हात स्थिर लागतो. ‘समान भाग’ या दोन शब्दांवर सगळे अपूर्णांक उभे आहेत. तुमच्या पाठात ते दोन शब्द ज्याने गंभीरपणे घेतले त्याला तुम्ही गप्प केलंत, कारण ‘मधला तुकडा मोठाय’ हे उत्तर उजव्या रकान्यात नव्हतं.

मग तुम्ही लसावि काढून, समच्छेद करून, पाच षष्ठांश फळ्यावर सिद्ध केलेत. पायऱ्या बरोबर होत्या, अक्षर सुवाच्य होतं. ‘समजलं का?’ असं विचारलंत. ‘होऽऽ’ असं आलं. या ‘होऽऽ’बद्दल दोन शब्द. तो ‘हो’ समजल्याचा नसतो. मॅडमचं वाक्य संपलं, आता आपली पाळी, एवढीच त्यात माहिती असते. तुम्ही त्याच चढत्या सुरात ‘उद्यापासून रविवारीही शाळा, चालेल का?’ असं विचारून बघा, पहिल्या तीन बाकांवरून ‘होऽऽ’ येईल.

त्यानंतर उपयोजन म्हणून तुम्ही नवीन उदाहरण दिलंत. एक चतुर्थांश अधिक एक तृतीयांश. हे उदाहरण सोमवारी घेतलेलं नव्हतं, म्हणून या पाठातला पहिला खरा प्रश्न मी हाच धरतो. वर्ग तितक्याच आत्मविश्वासाने म्हणाला, ‘दोन सप्तमांश!’

वरचा अंश वरच्यात मिळवला, खालचा छेद खालच्यात मिळवला. एक आणि एक दोन, चार आणि तीन सात. तुम्ही ‘चूक’ म्हणून फळ्यावर लगेच बरोबर रीत मांडलीत, घंटा झाली, सरांनी ‘उत्तम’ लिहिलं आणि पेढे आले. त्या गडबडीत कोणी असं विचारलं नाही की एवढी सगळी मुलं एकमेकांची वही न बघता एकच चूक कशी करतात. विखुरलेल्या चुका दुर्लक्षाच्या असतात. सगळा वर्ग मिळून एकच चुकीचं उत्तर देतो तेव्हा त्याच्यामागे काहीतरी विचार असतो, आणि तो शोधून काढल्याशिवाय बरोबर रीत दहा वेळा फळ्यावर लिहिली तरी ती वहीत उतरते आणि तिथेच मुक्कामाला राहते.

तो विचार कुठला, ते तुम्हाला मागच्या आठवड्यात सापडलं. त्याच तासासाठी मी ही पुरवणी लिहायला घेतली.

त्या दिवशी मला यू-डायसच्या माहितीसाठी कार्यालयात बसवलं होतं आणि सहावी बचा सहावा तास मोकळा पडला. मुख्याध्यापकांनी तुम्हाला ‘मुलांना जरा शांत ठेवा’ म्हणून पाठवलं. तुमच्याकडे टाचण नव्हतं, पुठ्ठ्याच्या भाकऱ्या नव्हत्या, निरीक्षक नव्हते. कार्यालयाच्या खिडकीतून तुमचा फळा अर्धा दिसतो आणि मुलांचा आवाज पूर्ण ऐकू येतो. मुलींची संख्या एका रकान्यात आणि मुलांची दुसऱ्या रकान्यात भरता भरता मी तुमचा तास ऐकत होतो. त्या दिवशी आमच्या शाळेच्या माहितीत काही चूक निघाली तर तिचं कारण तुम्ही आहात.

तुम्ही वहीच्या कागदाची एक लांब पट्टी कापलीत, बारा सेंटिमीटरची. बाराच का, हे तुम्ही मुलांना सांगितलं नाहीत, पण मला आवडलं. बाराला चारानेही भाग जातो आणि तिनानेही. तुम्ही विचारलंत, ‘या पट्टीचा एक तृतीयांश किती?’ चार सेंटिमीटर. ‘आता त्यात अजून एक चतुर्थांश मिळवायचाय. उत्तर सोडवू नका. एवढंच सांगा, चार सेंटिमीटरपेक्षा जास्त येईल की कमी?’

आणि मग तुम्ही थांबलात.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या सुमारास शिक्षकांचे तास ध्वनिमुद्रित करून मोजले होते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट सरासरी एखादा सेकंदच बघतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून मोकळे होतात. तीच वाट तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात, असं त्यांना दिसलं. तीन सेकंद म्हणजे काही मोठा त्याग नाही, असं वाटेल. वर्गात उभं राहून करून बघा. पहिल्या सेकंदाला घसा खाकरावासा वाटतो, दुसऱ्याला आपण या व्यवसायात का आलो असं वाटतं, आणि तिसऱ्याला हात आपोआप खडूकडे जातो. निरीक्षण पाठात तुमचे प्रश्न इतके पाठोपाठ येत होते की एका मुलाने तिसऱ्या प्रश्नाला चौथ्याचं उत्तर देऊन वेळ वाचवायचा प्रयत्न केला होता. त्या मोकळ्या तासाला मात्र खिडकीतून काहीच ऐकू येईना. मला वाटलं तुम्ही रागावून निघून गेलात. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, ‘जास्त. मिळवतोय ना आपण.’

‘मग तुमचे दोन सप्तमांश किती होतात बघूया.’ तुम्ही बाराला साताने भागून दोनाने गुणायला लावलंत. थोडी रडारड झाली, कारण ते नीट जात नाही, पण साडेतीनच्या आतबाहेर येतं एवढं त्यांनी काढलं. म्हणजे चार सेंटिमीटरमध्ये भर घातली आणि पट्टी साडेतीनची झाली. वर्ग आधी हसला आणि मग वैतागला. हे वैतागणं फार मोलाचं असतं. आपलंच उत्तर आपल्याला पटेनासं होणं आणि मॅडमनी ते चूक म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात मूल फक्त खोडरबर काढतं. मग चार आणि तीन सात, बारांपैकी सात, सात द्वादशांश, हे मुलांनी पट्टीवरच मोजून काढलं. लसाविचं नाव तुम्ही त्यानंतर घेतलंत. बारा कुठून आले ते तोवर त्यांच्या हातात होतं.

इथे तो मधल्या तुकड्याचा मालक पुन्हा उठला. ‘पण मॅडम, चाचणीच्या गुणांची बेरीज तर अशीच करतात. मला एकीत १० पैकी ७ पडले, दुसरीत २० पैकी १३. सरांनी ३० पैकी २० लिहिले. वरचे वरच्यात, खालचे खालच्यात.’

कार्यालयात माझा पेन थांबला. ‘सर’ म्हणजे मीच. सगळ्या वर्गाने एकच चूक का केली याचं उत्तर त्याने एका वाक्यात दिलं होतं. ही रीत मुलं स्वप्नात बघत नाहीत. ती रीत त्यांच्या प्रगतिपुस्तकात माझ्या सहीने असते. आणि तिथे ती बरोबरही असते. फरक इतकाच की गुणांमध्ये दोन वेगवेगळे पेपर एकत्र येऊन तीस गुणांचा एक मोठा पेपर होतो. पट्टी मात्र एकच असते. तिचा तृतीयांश आणि तिचाच चतुर्थांश घ्यायचा असतो, दुसरी पट्टी कोणी आणून जोडत नाही. ‘पूर्ण’ म्हणजे काय ते बदललं की बेरीज बदलते.

तुम्हाला हे तिथल्या तिथे सुचलं नाही. ‘थांब, मला विचार करू दे, उद्या सांगते,’ असं तुम्ही म्हणालात. शिक्षक हे वाक्य वापरतात, त्यात नवल नाही. या वाक्यातला ‘उद्या’ सहसा उजाडत नाही, एवढंच. तुमचा उजाडला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही त्या मुलाला गाठून दोन पट्ट्या समोर ठेवल्यात, एक दहाची आणि एक विसाची, आणि शेजारी ती बाराची एकटी पट्टी. त्याला पटलं. इतकं पटलं की त्याने लगेच आपले दोन्ही गुण एकाच पट्टीचे अपूर्णांक धरून रीतसर समच्छेद करून मिळवले, २७ विसांश हे उत्तर काढलं, आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘सर, यापुढे आमचे गुण लसावि काढून मोजा.’

शंभर टक्क्यांहून जास्त गुण मिळवायची युक्ती शोधणारा तो आमच्या शाळेतला पहिलाच विद्यार्थी आहे. हे श्रेय तुमचं आहे आणि त्याला द्यायला तुमच्या फाइलमध्ये रकाना नाही. त्या तासाचं टाचण नाही, त्यावर कोणाची सही नाही, तो तुमच्या ठरलेल्या पाठसंख्येत मोजलाही जाणार नाही. नियमानं पाहिलं तर त्या तासाला तुम्ही मुलांना शांत ठेवायला गेला होता, आणि तेही तुम्हाला जमलं नाही. शेजारच्या वर्गातून तक्रार आली होती.

आता तुमच्या पुढच्या गोष्टी. वीस आठवडे शाळेत काढा, असा नियम दोन वर्षांच्या बी.एड.ला आहे, त्यातले तुमचे संपले. पुढे परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, आणि लागलीच नोकरी तर तीन वर्षं शिक्षणसेवक, माध्यमिकला महिन्याला १८ हजार मानधन. त्या वाटेवर तुम्हाला टाचणं काढावीच लागतील, आणि ती कशी काढायची ते तुमच्या सरांनी शिकवलं आहेच. उजवा रकानाही लिहा. तो लिहिल्याशिवाय सही मिळत नाही. फक्त तो रुंद ठेवा. अपेक्षित उत्तराखाली तीन-चार ओळी कोऱ्या सोडा, आणि तास संपल्यावर वर्गात खरोखर जे ऐकलं ते त्यात लिहा, ‘चहा-खारी’सकट. आणि ‘समजलं का?’ विचारायची फारच सवय झाली असेल तर विचारा, पण पाठोपाठ वहीच्या मागच्या पानावर एक उदाहरण सोडवायला सांगून दोन रांगांमधून एक फेरी मारा. आमच्या काही मुलांचं अक्षर दुरून वाचता येत नाही, तेव्हा थोडं वाकावं लागेल. तुमचे गुडघे अजून चांगले आहेत.

किरकोळ येणं-देणं असं. ग्रंथालयाचं एक पुस्तक तुमच्या नावावर आहे, ते जमा केल्याशिवाय ना-देय दाखल्यावर सही होणार नाही. रंगीत खडूंचा डबा तुम्ही परत केलात, पण आतला निळा खडू एकही नाही, राहू दे. पुठ्ठ्याच्या भाकऱ्या इथेच ठेवून जा, मला मधला तुकडा मोजायला मुलांना द्यायच्या आहेत.

आणि एक शेवटचं, जरा नाजूक. तुमच्या गटाने शाळेला भेट देण्यासाठी वर्गणी काढली आहे असं शिपाईमामांकडून कळलं, आणि घड्याळ ठरतंय असंही कळलं. शिक्षक-खोलीत सध्या चार घड्याळं आहेत. चारही बी.एड.च्या वेगवेगळ्या गटांनी दिलेली, खाली ‘सस्नेह भेट’ असं लिहिलेली, आणि चारही वेगवेगळी वेळ दाखवतात. पाचवं आलं तर कुठल्या घड्याळाप्रमाणे घंटा द्यायची यावर पुन्हा सभा घ्यावी लागेल. त्यापेक्षा फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कंपास द्या. आमच्याकडचा मोडून फार दिवस झाले, वर्तुळं मी सुतळीला खडू बांधून काढतो आणि ती भोपळ्याकडे झुकतात. तालुक्याच्या शालेय साहित्याच्या दुकानात मिळेल. घेताना खडू धरायचा स्क्रू घट्ट फिरतो का तेवढं बघून घ्या, आणि ‘सस्नेह भेट’ लिहायचंच असेल तर टोकापासून जरा दूर लिहा, तिथे हात लागून पुसलं जातं.